‘मेरा घर’ कोणी म्हणायचं

दिल्लीत आर. के. पुरममध्ये आमच्या क्वार्टरच्या बरोबर वरच्या घरात दीदी राहायची. पानिपतजवळच्या एका गावची सून, माझ्याहून थोडी मोठी. आम्हा दोघींचे नवरे एकाच मंत्रालयात होते. ती मला कधी नावाने हाक मारत नसे. ‘ए मराठन!’ असं जिन्यातून ओरडायची आणि मी लाटणं हातात घेऊनच दार उघडायची. तिचा मुलगा लहानपणी माझ्याकडे पोहे खाऊन शाळेत गेला, माझी मुलगी तिच्याकडे बाजरीची खिचडी खाऊन झोपली. क्वार्टर सरकारी, भिंती सरकारी, रंगसुद्धा सरकारी. त्यात आपलं असं काही असेल तर तो जिना होता, असं मी कित्येक वर्षं म्हणत आले. आता म्हणत नाही.

आमचे हे आणि तिचे भाईसाहब थोड्या अंतराने निवृत्त झाले. क्वार्टर सोडायची वेळ आली. गाझियाबादला कर्ज काढून घेतलेला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता, तो भाड्याने दिलेला. पुण्याचं सासरचं घर दिरांनी कधीच विकून टाकलं होतं. मुलगी बंगळुरूला. मला कुठेच जावंसं वाटत नव्हतं.

एका संध्याकाळी सामान बांधताना दीदी खाली आली, पेटाऱ्यावर बसली आणि म्हणाली, “हमारे साथ चलो. गाँव का घर खाली पड़ा है. चार कमरे हैं ऊपर-नीचे, हम दो बुड्ढे क्या करेंगे?”

गुडगावच्या कंपनीत मार्केटिंगमध्ये असलेल्या तिच्या मुलाच्या डोक्यात होमस्टेची कल्पना होती. दिल्लीची माणसं शनिवार-रविवारी दोन तासांच्या अंतरावर कुठे जायचं ते शोधत असतात, असं तो म्हणायचा. पहाड दूर, जयपूर दूर. पानिपतला शेत आहे, यमुना आहे, काला आमचं लढाईचं स्मारक आहे. मराठी लोक तर तिथे डोळ्यांत पाणी आणून येतात आणि जेवायला कुठे थांबावं ते त्यांना कळत नाही. “आंटी, आपका खाना और हमारा घर,” तो म्हणाला. “बिल्कुल हिट है.”

कागदावर काही लिहिलं नाही. लिहायचं कुणाला सुचलंही नाही. होमस्टेची नोंदणी भाईसाहबांच्या नावावर झाली, कारण नियमच तसा आहे: घराच्या मालकाने स्वतः त्या घरात राहायला हवं, आणि काही खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. भाईसाहब आणि दीदी खालच्या मागच्या भागात राहिले, आम्ही वरच्या एका खोलीत. उरलेल्या तीन खोल्या पाहुण्यांच्या. स्वयंपाकघर, पाहुण्यांशी फोन, चादरी, आधारच्या झेरॉक्स, सगळं मी बघायचं. यांनी बागेचा ताबा घेतला.

नोकरीत असताना मी एका सरकारी विभागासाठी माहितीपटांची स्क्रिप्टं लिहायचे. धरणं, लसीकरण, मधमाशीपालन. कागद मधोमध दुमडायचा. डाव्या बाजूला काय दिसतं ते, उजव्या बाजूला काय ऐकू येतं ते. एवढी वर्षं लिहिलं, पडद्यावर माझं नाव कधी आलं नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नव्हतं. होमस्टेचा व्हिडिओ करायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी कागद दुमडला.

मुलाला संगीत आणि ड्रोन हवा होता. मी म्हटलं, ड्रोन राहू दे, आधी माणसाला घरात घे. शनिवारी निघायचं की नाही हे ठरवणाऱ्या बाईला काय कळायला हवं? दिल्लीहून किती वेळ लागतो. गाडी कुठे लावायची. पलंग कसा आहे, बाथरूम खोलीला जोडून आहे का, गरम पाणी येतं का. जेवायला काय मिळतं, किती वाजता मिळतं, मुलांना तिखट लागणार नाही ना. आणि दिवसभर करायचं काय. एवढं पहिल्यांदा सांगून टाकायचं, मग गोडी आणायची.

डाव्या बाजूला मी लिहिलं: फाटक, उघडतं. अंगण, कडुनिंब. खोलीचं दार, मग आधी खिडकी, मग पलंग. कारण आधी पलंग दाखवला की ते हॉटेल वाटतं. नळ सुरू, वाफ दिसते. तव्यावर हात, अगदी जवळून. गव्हाच्या शेतातली पायवाट. उजव्या बाजूला बोलणं. बोलणं दीदीने करायचं होतं, म्हणून मी ते तिच्या तोंडचं लिहिलं, हिंदीत. पहिलंच वाक्य होतं, ‘आइए, ये मेरा घर है.’

खोट्याला मी जागा ठेवली नाही. गावाच्या कडेने एक नाला जातो, रंगाच्या कारखान्यांचं पाणी त्यातून यमुनेकडे जातं. वारा फिरला की वास येतो. मी लिहिलं, ‘किसी-किसी दिन नाले की बू आती है, उस दिन हम छत पर नहीं, अंदर चाय पीते हैं.’ मुलगा हसला. “आंटी, कोई ऐसा बोलता है क्या?” मी म्हटलं, येणाऱ्याला इथे आल्यावर वास येणारच आहे, आधी सांगितलं तर तो हसून नाक दाबेल, नाही सांगितलं तर रागाने लिहील. ते वाक्य राहिलं.

जेवणाच्या भागात मी माझ्या आईला आणलं. माझी आई थालीपीठ तव्यावर थापताना बोटाने मधोमध एक भोक पाडायची, मग भोवती चार, आणि प्रत्येक भोकात तेलाचा थेंब सोडताना आम्हा भावंडांपैकी एकेकाचं नाव घ्यायची. मधलं भोक वडिलांचं. ते मी लिहिलं: ‘मेरी माँ हर छेद में तेल डालते हुए एक बच्चे का नाम लेती थी.’ त्या ओळीशी माझा पेन थांबला होता, पण मी ती खोडली नाही. ही ओळ कॅमेऱ्यापुढे मी तव्यापाशी उभी राहून म्हणायची आणि बाकीचं दीदीने, असं ठरलं.

फेब्रुवारीत, धुकं संपून मोहरी फुललेली असताना, सकाळी शूटिंग ठेवलं. दीदीने मोरपंखी सूट घातला, लिपस्टिक लावली आणि फाटकात उभी राहिली. मोबाइल समोर आल्याबरोबर तिचा आवाजच बदलला. ती एखाद्या सभेत बोलल्यासारखी म्हणाली, “आइए. हमारे यहाँ सभी प्रकार की सुविधाएँ उपलब्ध हैं.”

“मम्मी, जो लिखा है वो बोलो ना, यार,” मुलगा म्हणाला.

ती पुन्हा उभी राहिली. पुन्हा अडखळली. भाईसाहब खुर्चीतून सूचना करू लागले, त्याने ती आणखी बावरली. चार-पाच वेळा झाल्यावर ती ओढणी सारखी करत ओट्यावर येऊन बसली. “मुझसे नहीं होगा. मराठन, तू बोल.”

मी म्हटलं, “मी कशी बोलू दीदी? यात ‘मेरा घर’ लिहिलंय. बदलून ‘हमारा घर’ करते.” आम्ही दोघी हिंदीतच बोलायचो, पण मी घाईत मराठीत बोलले, आणि तिला ते कळलंही.

ती हसली. मला तिचं ते हसणं अजून दिसतं. त्यात काहीही लपवलेलं नव्हतं. “बोल ना, मेरा घर. तेरा ही तो है.”

मुलगा म्हणाला, “हाँ आंटी, ‘हमारा’ बोलोगे तो हॉटेल लगेगा. ‘मेरा’ ही रखो. लोग देखना चाहते हैं, किसके घर जा रहे हैं.”

म्हणून मी म्हटलं. फाटक उघडलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, “आइए, ये मेरा घर है.” एकदाच म्हणावं लागलं. मग तेच सगळं मराठीत केलं, दिल्लीतल्या आपल्या लोकांसाठी. “या, हे माझं घर.” म्हणताना मला काही खोटं वाटलं नाही. आयुष्यभर क्वार्टरात राहिलेल्या बाईला ते दोन शब्द तोंडात फार चांगले लागले, एवढं मात्र खरं.

व्हिडिओ चालला. आधी आर. के. पुरमच्या ओळखीच्या बायकांमध्ये, मग गुडगाव-नोएडाच्या मराठी ग्रुपांवर, मग हिंदी बोलणाऱ्यांतही. शुक्रवारी संध्याकाळी गाड्या येऊ लागल्या. लोक फाटकातून शिरतानाच म्हणत, “काकू, तो कडुनिंब कुठाय?” जणू कडुनिंबाला आधी भेटून झालंय. मी थालीपीठ लावत असताना मुलं नावं सांगायला तव्याभोवती गोळा होत. गुडगावच्या एका मुलीने विचारलं, “आजी, थापणं मतलब?” मी तिचा हात धरून पिठावर ठेवला. तिची आई मोबाइलवर ते काढत होती आणि डोळे पुसत होती. वर्षभर असं गेलं. जूनमध्ये लूचे गरम वारे असायचे तेव्हा कुणी येत नसे, जानेवारीत धुक्याने हायवे अडला की शेवटच्या क्षणी फोन येत, “काकू, नाही जमत.” पण संक्रांतीच्या सुमारास, काला आम बघायला, धुक्यातूनही मराठी माणसं येतच. मी त्यांना गुळाची पोळी वाढायची आणि दीदी त्यांना घरच्या म्हशीचं तूप वाढायची. ते दिवस चांगले होते, हे मला आजही नाकारता येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

बिघडलं ते एका शनिवारी दुपारी. नोएडाहून एक मराठी कुटुंब आलं होतं. नवरा-बायको दोघंही आयटीत. दीदी अंगणात बाजेवर बसून मटार सोलत होती. घरातला जुना सूट, डोक्यावर ओढणी. ती तरुण बाई खोलीतून बाहेर आली आणि दीदीला म्हणाली, “मौसी, ज़रा कमरे में पानी रख देना. और बाथरूम में एक बाल्टी भी.”

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. दीदी क्षणभर तशीच बसली. मग तिने मटाराची परात बाजूला ठेवली, उठली, आणि जग भरायला गेली.

मी हात न पुसताच बाहेर धावले. “अहो, या घराच्या मालकीण आहेत,” मी त्या बाईला म्हटलं.

ती गोंधळली. “अच्छा? पण व्हिडिओत तर तुम्ही… सॉरी हं, आंटी, रिअली सॉरी. मुझे लगा…”

काय वाटलं ते तिने पूर्ण केलं नाही. दीदीने जग तिच्या हातात दिला. “कोई बात नहीं, बेटा.” बादलीही तिनेच नेऊन ठेवली. मी मागून धरायला गेले तर तिने ती सोडली नाही.

त्या रात्री आमच्या नेहमीच्या चौघांच्या जेवणाला ती आली नाही. दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी चहा घेऊन मागच्या खोलीत गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “वीडियो में तूने एक बार भी मेरा ज़िक्र नहीं किया.”

“दीदी, तो तुझ्याच तोंडचा लिहिला होता. त्यात तुझा उल्लेख कसा येईल? आणि तूच म्हणालीस, बोल.”

“मैंने बोलने को कहा था. मालकिन बनने को नहीं कहा था.”

मी तिच्यासमोर उभी राहिले, चहा हातात. मला वाटलं ती आता हसेल, नेहमीप्रमाणे पाठीत धपाटा घालेल. तिने घडी घातलेली चादर पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी घातली.

मी उपाय सुचवला. व्हिडिओच्या सुरुवातीला एक ओळ घालू, दीदी दाखवू, अंगणात बसलेली, ‘या घराची थोरली’ असं मी म्हणेन. तिचा मुलगा त्या रविवारी आला होता, त्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “देखते हैं, आंटी.” मग त्याने मोबाइलवर नोएडाच्या बाईने लिहिलेला अभिप्राय आईला वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, काकूंच्या घरी माहेरी गेल्यासारखं वाटलं. त्याने वाचून दाखवल्यावर दीदीने नुसती मान हलवली.

पुढचे काही महिने वरवर काही घडलं नाही. दीदी स्वयंपाकघरात येईनाशी झाली. पाहुणे आले की ती चांगला सूट घालून फाटकाशी जाऊन उभी राहायची आणि मी बाहेर येण्याआधीच म्हणायची, “आइए, मैं इस घर की मालकिन हूँ.” पाहुणे मान झुकवून नमस्कार करत आणि तिच्या खांद्यावरून मला शोधत. ते तिला दिसायचं. मलाही दिसायचं. मी मुद्दाम उशिरा बाहेर येऊ लागले, पण त्याने काही सुधारलं नाही, मग ते विचारत, “व्हिडिओवाल्या काकू नाहीत का?”

पुढच्या फेब्रुवारीत मुलाने आम्हा दोघांना खाली बोलावलं. भाईसाहब टीव्हीपुढे होते, आवाज बंद केला नाही. मुलगा नम्रपणे बोलत होता, ऑफिसात बोलतात तसा. नोंदणीचं नूतनीकरण आहे, तपासणीला माणूस येईल. नोंदणी पप्पांच्या नावावर, व्हिडिओत मालकीण म्हणून आंटी. उद्या कुणी विचारलं तर अडचण होईल. तेव्हा नवीन व्हिडिओ करायचा, मम्मीला घेऊन. आणि वरची खोलीही आता पाहुण्यांसाठी लावायची आहे, मागणी वाढली आहे. “आप लोग नीचे स्टोर के बगल वाला कमरा ले लो. मैं उसमें कूलर लगवा दूँगा.”

नियमाचं त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मला तेच जास्त लागलं. त्याच्याजवळ बोलायला जागा होती आणि माझ्याजवळ नव्हती.

“और आंटी,” तो म्हणाला, “वो स्क्रिप्ट की फाइल भेज देना.”

मी दीदीकडे पाहिलं. ती टीव्हीकडे बघत होती.

“भाईसाहब,” आमचे हे म्हणाले. तेवढंच. वाक्य त्यांनी पुढे नेलं नाही. मंत्रालयात तीस-एक वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस होता तो. भाईसाहब म्हणाले, “बच्चे जो करें, ठीक ही करेंगे.”

वर आल्यावर हे खूप वेळ खिडकीशी उभे राहिले. त्यांनी लावलेली गुलाबाच्या वाफ्यांची रांग तिथून दिसायची. मग म्हणाले, “चल, गाझियाबादला जाऊ.” मी म्हटलं, भाडेकरूला निघायला सांगावं लागेल. “सांगू,” ते म्हणाले. मला वाटलं होतं मी रडेन. मी कपाट उघडलं आणि साड्या काढायला लागले.

स्क्रिप्टची फाइल मी पाठवली. का पाठवली, असं माझ्या मुलीने नंतर फोनवर किंचाळून विचारलं. मला ती न पाठवण्याचं सुचलंच नाही. आयुष्यभर मागितल्यावर दिलं होतं. शिवाय मनात असंही होतं की दीदीला ते बोलता येणार नाही.

गहू कापणीला आला होता तेव्हा आम्ही निघालो. दीदीने घरच्या तुपाचा डबा आणि गुळाची ढेप गाडीत ठेवली. ती रडली, खरंच रडली, माझ्या गळ्यात पडून, ओढणी माझ्या खांद्यावर ओली झाली. मीही तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या क्षणी जर ती म्हणाली असती, ‘थांब’, तर मी स्टोअरजवळच्या खोलीतसुद्धा थांबले असते. ती म्हणाली, “पहुँचकर फ़ोन करना.” भाईसाहब बाहेर आले नाहीत.

गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये भाडेकरूंनी भिंतींना जांभळा रंग दिला होता. खिडकीतून दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या दिसत. हे कुंड्या आणायला नर्सरीत गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. ऊन येत नाही म्हणाले.

नवीन व्हिडिओ मी मे महिन्यात पाहिला. मुलाने मला पाठवला नव्हता. कुठून तरी फिरत आला. फाटक उघडलं. मोरपंखी सूटमध्ये दीदी उभी होती. “आइए,” ती म्हणाली, आणि जरा थांबली, मी जिथे थांबायची तिथेच, “ये मेरा घर है.” ती एकदाही अडखळली नाही. दोन वर्षं ती खिडकीतून, अंगणातून, पाहुण्यांच्या मोबाइलवरून मला ऐकत होती. आधी खिडकी, मग पलंग. नळ, वाफ. नाल्याच्या वासाचं वाक्य काढलं होतं. आमची वरची खोली चौथी म्हणून दाखवली होती, जिथे माझं कपाट होतं तिथे आरसा.

मग तवा आला, अगदी जवळून. तव्यावर हात होते आणि ते माझे होते. डाव्या मनगटाजवळ तेलाने भाजल्याचा डाग आहे, तो स्पष्ट दिसत होता. नवीन शूटिंगमध्ये तेवढा भाग त्यांनी जुनाच वापरला होता. त्या हातांवर दीदीचा आवाज आला: “मेरी माँ हर छेद में तेल डालते हुए एक बच्चे का नाम लेती थी.”

मी मोबाइल पालथा ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा लावला आणि पुन्हा तिथपर्यंत पाहिला.

तिसऱ्या दिवशी मुलाला फोन केला. तो ऑफिसात होता, मागे माणसांचे आवाज.

“बेटा, माझे हात काढ त्यातून,” मी म्हटलं. हिंदीत म्हटलं, आणि शांतपणे.

“कौन से हाथ, आंटी?” मग त्याला कळलं. “अच्छा, वो. आंटी, वो शॉट बहुत बढ़िया है. चेहरा तो है नहीं. किसको पता चलेगा?”

“मला कळतं.”

त्याने मागच्या कुणाला तरी ‘एक मिनट’ म्हटलं.

“बरं, हात राहू दे. माझ्या आईची ती ओळ काढ. ती माझी आई आहे. तुझी आजी नाही ती. तुझ्या आजीने कधी थालीपीठ पाहिलंसुद्धा नाही.”

“आंटी, उसी लाइन पर तो सबसे ज़्यादा कमेंट आते हैं.” त्याचा आवाज मऊ होता, तो मला दुखवायचं म्हणून बोलत नव्हता. “मम्मी भी कहती हैं, वो लाइन बोलते हुए उन्हें आपकी याद आती है.”

पोहे खाऊन शाळेत जाणारा मुलगा हा. मी फोन ठेवला. यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “वकिलाला विचारू का?” मी म्हटलं, काय विचारणार? आईचं नाव कुणाच्या तोंडी आलं म्हणून तक्रार कुठे करतात? ते पुन्हा पेपर वाचायला लागले. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटलं नाही.

आर. के. पुरमच्या आमच्या जुन्या मैत्रिणींपैकी एकीने गणपतीच्या सुमारास तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘अगं, ही तर तुझी वरची दीदी! जाऊ या का सगळ्या?’ ती आमच्या पानिपतच्या वर्षांबद्दल अर्धंमुर्धं ऐकून होती. मी लिहिलं, खोल्या स्वच्छ आहेत, गरम पाणी येतं, वारा फिरला तर नाल्याचा वास येतो. जाऊन या. मी गुडघ्याचं कारण सांगितलं.

दिवाळीनंतर सहाजणी जाऊन आल्या. परतताना दोघी गाझियाबादला माझ्याकडे चहाला थांबल्या. जागा छान, म्हणाल्या. थालीपीठ जरा कडक होतं, आता गावातली कुणीतरी मुलगी करते. दीदीने खूप आदराने वागवलं.

“आम्ही तुझं नाव काढलं गं,” एक म्हणाली. दुसरीने तिच्याकडे पाहिलं. पण ती सांगायला बसली होती, थांबली नाही. “तर ती म्हणाली, हाँ हाँ, यहीं रहती थी, खाना बनाती थी हमारे यहाँ. बहुत अच्छी थी बेचारी.”

“बरोबरच आहे,” मी म्हटलं. “करतच होते की.” आणि त्यांच्यासाठी आणखी चहा टाकायला उठले.

दीदीचा अजून अधूनमधून फोन येतो. कधी मी उचलते, कधी वाजू देते. उचलला तर आम्ही तिच्या रक्तदाबाबद्दल बोलतो, माझ्या मुलीच्या स्थळांबद्दल बोलतो. घराचा विषय ती काढत नाही, मीही काढत नाही. फोन ठेवल्यावर हे विचारतात, “काय म्हणत होती?” मी सांगते, विशेष काही नाही. आणि ते खरंच असतं.